फोटोच्या कडेला कापलेला मजकूर अरबीत कसा उतरवायचा: चपलांच्या एका बिलावरून

कोल्हापुरातून आखाती देशांत चपला जातात, गूळ जातो, माणसंही जातात, आणि त्यांच्या मागोमाग कागदांचे फोटो जातात. बिल, पावती, अनुभवाचं पत्र, भाडेकरार. फोटो बहुतेक वेळा घाईत, दुकानाच्या गल्ल्यावर कागद ठेवून काढलेला असतो आणि त्याची एखादी कड चौकटीबाहेर गेलेली असते. तोच फोटो पुढे आपल्याकडे येतो: "अरबीत करून द्या, आजच पाहिजे."

मी मराठीतून अरबीत असं काम करतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकते ती ही कापलेली कड. दिसतं तेवढं भाषांतर करून मोकळं व्हावं, तर वाचणाऱ्याला काही गेलंय हेच कळत नाही. अंदाजाने भरून टाकावं, तर कागदावर नसलेली गोष्ट आपल्या नावावर जाते. शारजातला व्यापारी देवनागरी वाचत नाही, त्यामुळे तो मूळ फोटो शेजारी ठेवून पडताळणी करू शकत नाही. आपण लिहू तेच त्याच्यासाठी बिल. म्हणून काय दिसलं, काय गेलं आणि काय आपण ओळखलं, या तीन गोष्टी त्याला वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत.

हे सगळं एका बिलावरून दाखवतो. चप्पल लाईनीतल्या एका दुकानाचं हे हाताने लिहिलेलं मराठी बिल. फोन तिरका धरल्यामुळे डावी कड खाली जाईल तशी जास्त कापली गेली आहे आणि उजव्या बाजूचा रकमेचा रकाना जवळजवळ सगळाच बाहेर राहिला आहे. फोटोत दिसतं ते एवढं:

```
१  (अक्षरांचे फक्त खालचे भाग)
२  नांक : १४/०३/२०२
३  मती पाटी
४  कापशी चप्पल   १२ जोड   दर १,२५
५  ५,००० फक्त
६  विकलेला माल परत घेतला जा
```

जवळ काय हवं

फोटोची मूळ फाईल, म्हणजे पुढे-पुढे ढकलत आलेली प्रत नव्हे. मोठा पडदा, कारण कडेवरचं अर्धं अक्षर फोनवर ओळखता येत नाही. फोनवर किंवा संगणकावर अरबी कळफलक. उजवीकडून डावीकडे परिच्छेद ठेवता येईल असं लिहिण्याचं साधन. वर्ड चालतं, लिब्रे ऑफिसही चालतं. आणि एक कोरा कागद, ज्यावर अरबीचं एक अक्षरही लिहिण्याआधी मराठी ओळी उतरवायच्या.

१. कड खरंच गेली आहे का, ते आधी बघा

व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांमध्ये उभा फोटो वर-खाली कापूनच दिसतो. त्यावर बोट ठेवून तो पूर्ण उघडला की कधी कधी "गेलेली" ओळ परत येते. तसं नसेल तर पाठवणाऱ्याला विचारा की फोटो पाठवण्याआधी त्याने तो कापला होता का. बऱ्याच फोनमध्ये कापलेला फोटो मूळ स्थितीत परत आणता येतो, पण ते फक्त ज्या फोनवर कापला त्याच फोनवर. मग तो फोटो म्हणून न पाठवता "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे बारीक अक्षरं दाबली जात नाहीत.

"पुन्हा फोटो काढून पाठवा" हे सांगायला संकोचू नका. मात्र नेमकं सांगा. "नीट काढा" म्हटलं की पुन्हा तसाच येतो. "कागदाच्या चारही कडा आणि भोवतीचा थोडा टेबल दिसू द्या" म्हटलं की बरोबर येतो. कागद सरकारी कचेरीत किंवा कोर्टात दाखल करायचा असेल, तर कापलेल्या फोटोवर काम सुरूच करू नका. मूळ कागदाचं स्कॅन मागवा.

या बिलाच्या बाबतीत दुकान बंद होतं, मूळ कागद गिऱ्हाइकाकडे होता आणि ते प्रवासात होतं. अशा वेळी पुढच्या पायऱ्या लागतात.

२. मराठी ओळी जशाच्या तशा उतरवा, आणि कोणती कड गेली ते लिहा

प्रत्येक ओळीला क्रमांक द्या आणि शेजारी लिहा: डावी कड, उजवी, वरची की खालची. हे कंटाळवाणं काम आहे, पण देवनागरीत प्रत्येक कड वेगळी गोष्ट खाते, म्हणून ते सोडता येत नाही.

वरची कड मात्रा, वेलांटीचा वरचा भाग, अनुस्वार आणि रफार खाते. "मोरे"चं "मार" होतं, "दोन"चं "दान" होतं, आणि वाईट म्हणजे जे उरतं तेही नीट वाचता येणारा शब्दच असतो. खालची कड उकार खाते: "गूळ" उरतो "गळ". डाव्या कडेला ऱ्हस्व वेलांटी बळी पडते, कारण ती अक्षराच्या आधी उभी असते. उजवी कड काना आणि दीर्घ वेलांटी खाते, पण तिचं खरं नुकसान वेगळंच आहे. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी, आणि "नाही" त्याच्याही शेवटी. उजवी कड गेली की होकार-नकारच जातो. सहावी ओळ बघा.

शाबूत दिसणारा शब्दही कडेला टेकला असेल तर त्याच्यावर खूण करा. तो पूर्ण आहे असं धरून चालू नका.

तिरक्या फोटोत आणखी एक गोष्ट कामाला येते. दुसऱ्या ओळीत डावीकडचं किती गेलं हे आपल्याला कळतं: फक्त "दि", कारण "नांक"वर संपणारा आणि पुढे तारीख असणारा शब्द "दिनांक"च. कागदाचा समास डावीकडे सरळ उभा असतो, म्हणून खालच्या ओळींत यापेक्षा जास्त गेलं असणार. सहाव्या ओळीत "एकदा" हा अख्खा शब्द गेलेला असू शकतो. पाचव्या ओळीत साधारण तेवढीच जागा गेली आहे, म्हणजे आकड्याच्या आधी एक शब्द नक्की होता, आणि कदाचित एखादा अंकही.

३. गेलेला मजकूर कोणत्या प्रकारे गेला, ते ठरवा

अरबीत सगळ्याला "अस्पष्ट" म्हणून चालत नाही, कारण वाचणारा पुढे काय करणार हे त्यावर ठरतं. फोटोच्या बाहेर गेलं असेल तर तो नवा फोटो मागेल. कागदच फाटला असेल तर नव्या फोटोचा काही उपयोग नाही. अंगठ्याखाली किंवा शिक्क्याखाली झाकलं असेल, तर गोष्ट तिसरीच. मी चार खुणा वापरतो आणि त्या पूर्ण भाषांतरात बदलत नाही. खालच्या आणि पुढच्या अरबी ओळी उजवीकडून वाचा:

```
[مقطوع خارج حافة الصورة]
[ممزّق في الأصل]
[مغطّى]
[غير مقروء]
```

क्रमाने अर्थ: फोटोच्या कडेबाहेर कापलेलं; मूळ कागदातच फाटलेलं; झाकलेलं; दिसतं पण वाचता येत नाही. पहिली ओळ जरा लांब आहे, म्हणून भाषांतराच्या माथ्यावर एकदा पूर्ण लिहून पुढे नुसतं "मक्तूअ" लिहिलं तरी चालतं.

नुसते तीन ठिपके कधीही देऊ नका. अरबी वाचकाला ठिपके म्हणजे "वगैरे" किंवा भाषांतरकाराने मुद्दाम गाळलेला भाग वाटतो. कापलेलं आणि गाळलेलं यांत फार मोठा फरक आहे.

चौकोनी कंस मात्र पक्के. शिलालेख वाचणाऱ्या युरोपीय विद्वानांनी १९३१ साली लायडन इथे खुणा ठरवल्या, त्यांत चौकोनी कंसाचा अर्थ "मूळ इथे हरवलं आहे, कंसातलं संपादकाने भरलं आहे" असा आहे. जुन्या अरबी हस्तलिखितांच्या छापील आवृत्त्यांतही संपादकाची भर बहुधा चौकोनी कंसात येते. शिकलेल्या अरबी वाचकाला तो कंस समजावून सांगावा लागत नाही. गोल कंस मूळ बिलात असू शकतो, म्हणून आपल्या शब्दांसाठी तो वापरू नका.

४. काय भरायचं आणि काय भरायचं नाही

कापलेल्या शब्दांचे मी तीन ढीग करतो.

पहिल्या ढिगात जे दुसरं काही असूच शकत नाही ते. "नांक : १४/०३" हे "दिनांक"च आहे. इथे अरबीत सरळ तारखेचा शब्द लिहा, कंसात, म्हणजे शब्द तुम्ही पुरा केलात हे दिसेल.

दुसऱ्या ढिगात दाट शक्यता असलेलं. ते मजकुरात भरायचं नाही, खाली टिपेत लिहायचं.

तिसऱ्यात जे कळत नाही ते. तिथे फक्त खूण.

नव्या माणसाची चूक नेहमी दुसऱ्या ढिगातलं पहिल्यात टाकण्याची असते, आणि तिसरी ओळ याचं चांगलं उदाहरण आहे. "मती पाटी" वाचल्याबरोबर मनात "श्रीमती पाटील" तयार होतं. पण "मती" हे "सुमती"चं किंवा "इंदुमती"चंही शेपूट असू शकतं, आणि मग पुढचं पाटील हे आडनाव झालं. एका वाचनात पहिलं नाव कळलं, दुसऱ्यात फक्त उपाधी कळली. अरबीत "अस्-सय्यिदा" म्हणजे श्रीमती लिहून टाकलं, तर दुसरं वाचन कायमचं पुसलं जातं. या सगळ्या वाचनांत एक गोष्ट मात्र समान आहे: ती बाई आहे. अरबीत क्रियापद आणि विशेषण दोन्हीला लिंग लागतं, त्यामुळे हे कळणंही मोलाचं आहे. ते टिपेत लिहा.

गिऱ्हाइकाच्या पासपोर्टावर पूर्ण नाव असेल तर? ते दुसऱ्या कागदावरचं आहे, या फोटोतलं नव्हे. टिपेत "पासपोर्टवर नाव असं आहे" म्हणून देता येईल, मजकुरात नाही.

गावाच्या बाबतीत तर आपल्या भागात विशेष जपायला हवं. एखाद्या बिलावर "कोल्हापुरी चप्पल" लिहिलं आहे म्हणून कापलेल्या पत्त्यात "कोल्हापूर" धरू नका. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. अथणीचा कारागीरही कोल्हापुरीच विकतो. माल कुठला हे आखातातल्या व्यापाऱ्याला आयातीच्या कागदांसाठी लागतं, त्यामुळे इथला अंदाज महागात पडतो.

५. वाक्य अरबीत बसवा: कड हलते

या कामातली खरी अडचण इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

मराठी डावीकडून उजवीकडे, अरबी उजवीकडून डावीकडे. फोटोची डावी कड गेली म्हणजे मराठी ओळीची सुरुवात गेली. अरबीत सुरुवात उजवीकडे असते, म्हणून खूण उजव्या टोकाला येते. फोटोत डावीकडे कापलंय म्हणून अरबी ओळीतही डावीकडे खूण टाकणारे मी पाहिले आहेत. वाचणाऱ्याला वाटतं ओळीचा शेवट गेला. म्हणून खुणेत "डावीकडे" आणि "उजवीकडे" हे शब्दच टाळा. "ओळीची सुरुवात" आणि "ओळीचा शेवट" म्हणा.

हे झालं ओळीचं. वाक्यात त्याहून मोठी उलटापालट होते. सहावी ओळ घ्या: "विकलेला माल परत घेतला जा". आपण सगळे ती मनातल्या मनात "णार नाही" म्हणून पुरी करतो, कारण ती पाटी प्रत्येक दुकानात आहे. अरबी दुकानांतही तिचं ठरलेलं भावंड आहे:

```
البضاعة المباعة لا ترد ولا تستبدل
```

"विकलेला माल परत होत नाही, बदलूनही मिळत नाही." हात आपोआप हेच लिहितो. पण फोटोत "नाही" दिसत नाही. "जाईल" असेल, पुढे "आठ दिवसांत" असेल, तर अर्थ पूर्ण उलटा. आणि बदलून देण्याचा तर मराठी ओळीत उल्लेखच नाही. तो या अरबी साच्याने आपणहून आत आणला. ठरलेले साचे कापलेल्या ओळीवर कधीही बसवू नका.

मग लिहायचं काय? अरबी वाक्य साधारणपणे क्रियापदाने सुरू होतं किंवा क्रियापद लवकर येतं, आणि नकाराचं "ला" त्याच्याही आधी. म्हणजे मराठीत शेवटी पडलेलं भगदाड अरबीत थेट पहिल्या शब्दावर येतं. यातून वाट काढायला अरबीत मस्दर आहे, म्हणजे क्रियेचं नाम: "परत घेणं". मस्दराला काळ नाही, होकार-नकार नाही, कर्त्याचं लिंगही नाही. तो विषय सांगतो आणि निकाल मोकळा ठेवतो. म्हणून:

```
استرجاع البضاعة المباعة [آخر السطر مقطوع، ولا يُعرف أهو إثبات أم نفي]
```

"विकलेला माल परत घेणं [ओळीचा शेवट कापला आहे, होकार आहे की नकार ते कळत नाही]." मराठीत उजवी कड गेलेल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला हा उपाय चालतो. नुसतं "मक्तूअ" इथे पुरेसं नाही. काय कळत नाही ते सांगा, कारण वाचणारा पैसे अडकवायचे की नाही ते याच ओळीवरून ठरवणार.

शब्दाचे तुकडे करण्याबद्दल एक गोष्ट. मराठी शब्द अर्धा दिसतो म्हणून अरबी शब्द अर्धा लिहू नका. अरबी अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात आणि शब्दातल्या जागेप्रमाणे रूप बदलतात. मध्येच तोडलेला शब्द वाचकाला छपाईची चूक वाटतो. शब्दाच्या पोटात कंस घातला तरी तेच होतं, जोड तुटतो. शब्द नक्की असेल तर पूर्ण शब्द कंसात घाला. नक्की नसेल तर तो लिहूच नका. अपवाद फक्त नावाचा. तिथे दिसलेली अक्षरं उच्चाराप्रमाणे अवतरणात लिहा आणि लगेच खूण करा:

```
[أول السطر مقطوع] «متي» «باتي» [بقية الاسم مقطوعة]
```

अरबीत "प" नाही, म्हणून "पाटी"चं "बाती" होतं. "मती" अवतरणाशिवाय लिहिलं तर अरबी वाचक ते दुसरंच पूर्ण नाव किंवा "कधी?" हा प्रश्न समजू शकतो. म्हणून अवतरण टाकलंच पाहिजे.

६. आकडे: सगळ्यात जास्त घात इथे होतो

अक्षरं उजवीकडून चालली तरी अरबीत आकडा डावीकडूनच वाचला जातो. हजाराचा अंक डावीकडे, एककाचा उजवीकडे, अगदी आपल्यासारखा. म्हणजे शब्दांची कड हलते आणि आकड्याची हलत नाही. एकाच ओळीत दोन्ही असले की गडबड होते.

पाचवी ओळ: "५,०००", आणि आधीचं कदाचित गेलेलं. तुम्ही आधी ठिपके टाइप केले आणि मग ५००० लिहिलं, तर उजवीकडून चालणाऱ्या परिच्छेदात ते ठिपके आकड्याच्या उजव्या हाताला, शेवटच्या शून्याजवळ जाऊन बसतात. वाचकाला वाटतं पुढची शून्यं गेली, रक्कम ५०,००० किंवा ५ लाख असेल. मुळात गेलेला अंक पुढचा नव्हे, अलीकडचा. ठिपके, प्रश्नचिन्ह, कंस, कशाचीच इथे खात्री नाही. म्हणून नियम करा: कापलेल्या आकड्याबद्दल जे सांगायचं ते शब्दांत सांगा.

```
[أول السطر مقطوع] ٥٠٠٠ لا غير [قد تكون هناك خانة مقطوعة قبل الرقم ٥]
```

"५००० फक्त [५ या अंकाच्या आधी एखादा अंक कापला गेलेला असू शकतो]." रकमेपुढच्या आपल्या "फक्त"ला अरबीत "ला घैर" शोभतं.

चौथ्या ओळीतला दर "१,२५" जसाच्या तसा उतरवला तर आणखी वाईट. अरबी दशांशचिन्ह स्वल्पविरामासारखंच दिसतं, त्यामुळे तो दर सव्वा रुपया वाचला जातो. स्वल्पविराम काढून टाका आणि दिसलेले अंक मोजून सांगा:

```
السعر: تظهر منه الأرقام ١ ثم ٢ ثم ٥، وما بعدها مقطوع
```

हा स्वल्पविराम आपल्याला मात्र एक माहिती देऊन जातो. आपल्या पद्धतीत "१,२५" नंतर एकच अंक असेल तर दर १,२५० ते १,२५९. त्याहून जास्त अंक असतील तर तो थेट सव्वा लाखाच्या घरात. चपलेच्या जोडाचा दर कोणता, हे तुम्हाला आणि मला सांगायला नको. तरी ते टिपेत जातं, मजकुरात नाही.

आता मोह बघा. १२ जोड आहेत. १२ गुणिले १,२५० म्हणजे बरोबर १५,०००. पाचव्या ओळीत "५,०००" दिसतंय आणि आधीची कड गेली आहे. १,२५१ ते १,२५९ पैकी कोणत्याही दराला १२ ने गुणा, शेवटी ५,००० येत नाही. म्हणजे दर १,२५० आणि एकूण १५,०००, दोन्ही कोडी एकदम सुटली असं वाटतं. हिशेब बिनचूक आहे. पण तो एका गोष्टीवर उभा आहे: पाचवी ओळ ही एकूण रक्कम आहे. ओळीचा पहिला शब्द तर गेलेला आहे. तो "एकूण" असेल, "जमा" असेल, "बाकी" असेल. आगाऊ ५,००० जमा केले असतील तर आकडा पूर्णच आहे आणि १५,००० कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून हा हिशेब टिपेत, "ही एकूण रक्कम असेल तर" या शब्दांसह.

तारखेचं वर्ष "२०२" एवढंच आहे. फोटो या वर्षी आला म्हणून या वर्षाचा अंक घालू नका. जुनी बिलंही फोटो काढून पाठवली जातात. महिना आकड्याऐवजी नावाने लिहा, म्हणजे दिवस-महिन्याची अदलाबदल होणार नाही. आखातात "मारिस" चालतं. इराक आणि सीरियाकडच्या वाचकासाठी त्याच महिन्याला "आधार" म्हणतात.

```
[التاريخ]: ١٤ مارس، والسنة تظهر منها الأرقام ٢٠٢ فقط، والرقم الأخير مقطوع
```

७. पडद्यावर तपासा

परिच्छेद उजवीकडून डावीकडे असा ठरवून घ्या. नुसता उजवीकडे सरकवलेला परिच्छेद आतून डावाच राहतो आणि कंस भलतीकडे पडतात. कंस टाइप करताना आधी उघडणारा, मग बंद करणारा, नेहमीच्या क्रमाने. पडद्यावर तो आपोआप आरशासारखा वळतो. वळला म्हणून हाताने उलटा करायला गेलात की तो दुसऱ्या यंत्रावर चुकीचा दिसतो.

रोमन अक्षरं आणि आकडे मिसळलेला बिल क्रमांक असेल आणि त्याचे भाग इकडेतिकडे उडत असतील, तर वर्डमध्ये क्रमांकाच्या आधी आणि नंतर `200E` टाइप करा, फक्त तेवढी चार अक्षरं निवडा आणि `Alt+X` दाबा; न निवडल्यास क्रमांकाचे शेवटचे अंकही त्यात ओढले जातात. एक न दिसणारी खूण बसते आणि क्रमांक डावीकडून वाचला जातो.

शेवटी पीडीएफ करा आणि ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता मजकूर चिकटवून पाठवू नका; तिथे मिश्र ओळींची दिशा तुमच्या हातात राहत नाही.

८. टिपा, आणि पूर्ण फोटो आल्यावर

भाषांतराच्या माथ्यावर एक ओळ अरबीत लिहा: हे भाषांतर कापलेल्या फोटोवरून केलं आहे, चौकोनी कंसातलं सगळं भाषांतरकाराचं आहे, मूळ कागदावरचं नाही. त्यासोबत फोटो कधी मिळाला ती तारीख. खाली ओळीच्या क्रमांकाने टिपा. या बिलाला चार टिपा पुरल्या: तिसऱ्या ओळीतल्या नावाची दोन वाचनं, चौथीतला दर, पाचवीतला हिशेब आणि सहावीतला होकार-नकार. फोटोही पीडीएफमध्ये जोडा, कडेला ओळींचे तेच क्रमांक घालून. वाचणाऱ्याला देवनागरी येत नसली, तरी कागद कुठे कापला आहे ते त्याला दिसतं.

पाठवणारे कधी कधी विनंती करतात, "एवढे कंस नकोत, समोरच्याला शंका येते." त्यांना सांगा की शंका कागद कापल्यामुळे आहे, कंसामुळे नाही, आणि पूर्ण फोटो आला की कंस जातील.

तो आल्यावर जुनी फाईल गुपचूप बदलू नका. नवी प्रत करा, तिच्यावर "पूर्ण फोटोवरून सुधारित" असं अरबीत आणि तारीख लिहा, आणि कोणत्या ओळी बदलल्या ते सांगा, कारण आधीची प्रत कुणाच्या तरी फोनमध्ये असतेच. या बिलाचा पूर्ण फोटो आल्यावर नाव सुमती पाटील निघालं. दर १,२५० आणि माल परत घेतला जाणार नाही, या दोन गोष्टी सगळ्यांच्या अंदाजाप्रमाणेच. पाचव्या ओळीचा पहिला शब्द "जमा" होता. पाच हजारच भरले होते, दहा हजार बाकी होते, आणि शारजातल्या व्यापाऱ्याला नेमकं तेवढंच जाणून घ्यायचं होतं.